आजोबांची थट्टा, आजोबांच्या बाजूने

ताई,

पुढच्या रविवारी माझे आजोबा ८० वर्षांचे होतायत. त्यांचं-माझं लहानपणापासून चिडवाचिडवीचं नातं आहे. फॅमिली ग्रुपवर टाकायला मी लिहिलं, ‘हॅपी बर्थडे आजोबा! मॉडेल ८० वर्षं जुनं, पार्ट झिजलेत, हॉर्न ऐकू येत नाही, तरी इंजिन चालू! सेंच्युरी मारल्याशिवाय आउट व्हायचं नाही हं!’ भाऊ पोट धरधरून हसला. आई म्हणाली, हे अजिबात पाठवायचं नाही. मग ‘आपणांस वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, आपले मार्गदर्शन असेच लाभो’ असं लिहून पाहिलं, तर ते एखाद्या साहेबांना लिहिल्यासारखं झालं.

आजोबा आयुष्यभर हिशेबनीस होते. अजूनही घरभर दिवे बंद करत फिरतात, मी खोलीत असले तरी. वर्तमानपत्राची घडी मोडली की चिडतात. कुठे जायचं असलं की तासभर आधी बूट घालून तयार. माझ्या परीक्षेच्या दिवशीही तसेच बसले होते. मी हसले, आणि मग मी विसरलेलं हॉल तिकीट त्यांच्याच खिशातून निघालं. गेल्या वर्षीपासून ते कानाला मशीन लावतात. मला त्यांना हसवायचंय, दुखवायचं नाहीये. काय लिहू?

– एक नात

प्रिय नात,

मेसेजपेक्षा तुझ्या पत्राचा दुसरा परिच्छेद कितीतरी जास्त गमतीचा आहे. बूट घालून बसलेले आजोबा, त्यांना हसणारी तू, आणि त्यांच्याच खिशातून निघालेलं तुझं हॉल तिकीट. ते वाचून मला हसू आलं आणि त्याच क्षणी तुझ्या आजोबांबद्दल आदरही वाटला. तुला मेसेजमधून हेच साधायचंय. त्यासाठी लागणारं सगळं सामान तुझ्याकडे आहे, तू ते फक्त मेसेजमध्ये आणलेलं नाहीस.

आधी काय काढून टाकायचं ते बघू. ‘हॉर्न ऐकू येत नाही’ हे पहिल्यांदा काढ. ज्याला कमी ऐकू येतं त्याला दिवसातून कितीतरी वेळा ‘काय म्हणालीस?’ असं विचारावं लागतं. चारचौघांत सगळे हसले की आपलं नेमकं काय ऐकायचं राहिलं ते कळत नाही, आणि दरवेळी विचारायचा संकोच वाटतो म्हणून अशी माणसं पुष्कळदा न कळताच हसून घेतात. तुझ्या आजोबांना मशीन लावून वर्षच होतंय, म्हणजे ही गोष्ट अजून अंगवळणी पडायची आहे. वाढदिवसाच्या सकाळी फोन उघडल्यावर आपल्या कानांवर सगळा ग्रुप हसतोय असं दिसलं, तर ते तुला काही बोलणार नाहीत. एक अंगठा पाठवतील आणि फोन बाजूला ठेवतील.

थट्टेचा विषय निवडताना मी एकच प्रश्न विचारते. यावर त्यांना उलट उत्तर देता येईल का? दिव्यांवरून चिडवलंस तर आजोबा म्हणतील, ‘बिल कोण भरतं?’ घडीवरून चिडवलंस तर म्हणतील, ‘एकदा तरी नीट घडी करून दाखव.’ या सवयी त्यांनी स्वतः निवडलेल्या आहेत, त्या बरोबर आहेत याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही, आणि त्यांच्या बाजूने ते तासभर भांडू शकतात. तिथे चिडवणं म्हणजे त्यांना भांडायला बोलावणं, आणि तुमचं नातं त्याच भांडणांवर वाढलेलं दिसतंय. पण ‘तुम्हाला ऐकू येत नाही’ यावर ते काय उत्तर देणार? गुडघे, नजर, कापणारे हात, नाव चटकन न आठवणं, या सगळ्यांचं तसंच आहे. समोरच्याला गप्पच बसावं लागेल अशा ठिकाणी विनोद करू नये.

एक शंका तुझ्या मनात येईल म्हणून सांगते. काही आजोबा स्वतःच्या मशीनवर स्वतःच विनोद करतात, ‘थांबा, आधी बॅटरी घालतो, मग भांडा,’ वगैरे. तेव्हा त्यांच्याबरोबर मनापासून हसावं. पण तो विनोद त्यांचा आहे. कधी करायचा, कुणासमोर करायचा, हे ते ठरवतात. तो उचलून सगळ्या नातेवाइकांसमोर लेखी मांडायची परवानगी त्यातून मिळत नाही.

आता सेंच्युरी. चाळिशीतल्या मामाला हे वाक्य चालतं, कारण तिथे शंभर फार लांब असतात. ८० वर्षांच्या माणसाला शंभराचा आकडा दाखवला की मधली वजाबाकी आपोआप होते, आणि हिशेबनिसाला तर ती करावीही लागत नाही. त्यात तू ‘आउट’ हा शब्दही घातलास. या वयात माणसाने आपल्या बरोबरीची कितीतरी माणसं गमावलेली असतात. आईला खटकलं ते बहुतेक हेच असावं. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या वाढदिवसाला कुणालाही ते नकोच वाटेल. भावाला हसू आलं कारण त्याच्या कानावर फक्त क्रिकेट पडलं.

राहिलं जुनं मॉडेल आणि झिजलेले पार्ट. यात दुखावण्यासारखं थोडं आहे, पण माझी तक्रार वेगळी आहे. ‘आजोबा’ काढून दुसऱ्या कुणाच्याही आजोबांना हा मेसेज पाठवता येईल, आणि असे मेसेज त्यांना आधीच पाच-सहा वेळा आलेले असणार. फॉरवर्ड वाचून माणूस ओठांनी हसतो. आपल्यावर कुणीतरी लक्ष ठेवून आहे, आपली खोड नेमकी टिपलीय, असं वाचलं की मात्र त्याला खरंच हसू फुटतं.

तुझा दुसरा मसुदा फसला कारण तू आवाजच बदललास. रोज ‘आजोबा, तुम्ही परत माझा दिवा घालवलात!’ असं ओरडणारी मुलगी वाढदिवसाला अचानक ‘आपणांस’ म्हणू लागली, तर त्यांना वाटेल की काहीतरी बिनसलंय. रोज ज्या हाकेने बोलावतेस तीच हाक मेसेजमध्ये ठेव. ‘तुम्ही’ म्हणत असलीस तर ‘तुम्ही’. ज्या नातवंडांचं आजीशी ‘तू’चं नातं असतं त्यांनी वाढदिवसाच्या दिवशी तिला ‘तुम्ही’ करू नये, तिला ते परकं वाटतं. मान जड शब्दांनी वाढत नाही. विनोदाच्या शेवटी जिंकतं कोण, त्यावर तो ठरतो.

हे दिव्यांवरच करून बघू. ‘आमचे आजोबा एवढे कंजूष की घरभर दिवे बंद करत फिरतात’ असं लिहिलंस तर तू न्यायाधीश झालीस आणि ते आरोपी. त्याऐवजी ‘मी खोलीत वाचत बसलेली असतानाही आजोबांनी दिवा बंद केला’ असं लिही. आता अंधारात तू बसलीयस. हसू येतं ते तुझ्या फजितीचं, आणि आजोबा आपल्या कामात पक्के आहेत हेही त्यात आलंच. ‘कंजूष’ हा शब्द गेला, प्रसंग आला. स्वभावाला नाव ठेवलं की टोचतं, प्रसंग सांगितला की माणूस स्वतःला ओळखतो आणि हसतो. कुठलीही ओळ लिहिलीस की एवढंच बघ, यात माझी फजिती होतेय का त्यांची? तुझी होत असेल तर ती ओळ राहू दे.

हॉल तिकिटाचा प्रसंग या बाबतीत सोन्यासारखा आहे. तो तुला घडवावाही लागला नाही. तू त्यांना हसलीस आणि तेच बरोबर निघाले. तो मेसेजच्या शेवटाकडे ठेवू, कारण तिथून गंभीर ओळीवर अलगद जाता येतं.

आता या गोष्टी नुसत्या एकाखाली एक लिहिल्यास तर ती यादी होईल. त्यांना एक साचा हवा, आणि तो आजोबांच्या कामातूनच घ्यावा. ते शिक्षक असते तर मी प्रगतिपुस्तक म्हटलं असतं, डॉक्टर असते तर औषधाची चिठ्ठी. ते हिशेबनीस आहेत, म्हणून तू वार्षिक हिशेब सादर कर. याचे दोन फायदे आहेत. हिशेबाची भाषा मुळातच अदबीची असते, त्यामुळे ‘तपासणीसाठी सादर’ असं लिहिलंस की मानही राखला जातो आणि तीच भाषा दिव्यांबद्दल वापरल्यामुळे गंमतही येते. दुसरं म्हणजे त्या भाषेत ते तुझ्यापेक्षा वरचढ आहेत. जमा, नावे, येणे बाकी, हे शब्द त्यांनी आयुष्यभर लिहिलेत. तू त्यांच्या मैदानात शिकाऊ म्हणून उतरतेस.

मी असं लिहीन:

‘आजोबा,
८० वर्षं पूर्ण झाल्याबद्दल तुमच्या नातीने केलेला हिशेब तपासणीसाठी सादर.

जमा:
एका दिवसात तुम्ही बंद केलेले दिवे. सकाळी ४, दुपारी ३, रात्री ६. एकूण १४.
त्यांपैकी एका खोलीत मी वाचत बसले होते. वाचन अंधारात पूर्ण केलं.

नावे:
घडी मोडलेलं वर्तमानपत्र, रोज १. चौकशी चालू आहे. चौकशी मीच करत असल्यामुळे दोषी सापडण्याची शक्यता कमी.

येणे बाकी:
परीक्षेच्या दिवशी तुम्ही तासभर आधी बूट घालून बसलात आणि मी हसले. मग माझं हॉल तिकीट तुमच्या खिशातून निघालं. ते हसणं मी आज व्याजासकट परत करते आहे.

त्या दिवशी मी वेळेवर पोचले ती तुमच्यामुळे. एरवीही मी कुठे वेळेवर पोचत असेन, तर ते तुम्हाला बघून शिकले आहे. वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा, आजोबा.’

जमेच्या ओळीतली बेरीज तू करून पाहिलीस का? चार, तीन आणि सहा मिळून तेरा होतात. चौदा मी मुद्दाम लिहिलेत. आयुष्यभर आकडे तपासलेला माणूस ही चूक सोडणार नाही. विनोद समजेपर्यंत ते थांबणारही नाहीत, आधी बेरीज पकडतील आणि तुला फोन करतील. म्हणजे त्यांना उलट उत्तर देण्याची जागा तू मेसेजमध्येच ठेवलीस. चूक सोपी हवी, एका नजरेत सापडेल अशी, आणि एकच हवी. दोन चुका केल्यास तर त्यांना वाटेल की पोरीला खरंच बेरीज येत नाही, आणि त्यांची सकाळ काळजीत जाईल. खाली ‘चूक शोधा’ असं मात्र लिहू नकोस. लिहिलंस की ती परीक्षा होते. न लिहिता त्यांनी पकडली तर तो त्यांचा विजय असतो.

तूच रोज घडी मोडतेस असं मी धरून चाललेय. मोडणारा भाऊ असेल तर चौकशी त्याच्याकडे सोपव, पण आधी त्याला विचारून. आणि दिव्यांचे आकडे तुमच्या घरात शोभतील असे बदल. सहा दिवे नसलेल्या घरात रात्री सहा लिहिलेस तर आजोबा ती दुसरी चूक समजतील.

शेवटच्या दोन-तीन ओळींत विनोद नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तिथे घालायचा मोह होईल. ‘लव्ह यू आजोबा, आता तरी दिवा चालू ठेवा!’ असं काहीतरी सुचेल आणि ते छानही वाटेल. घालू नकोस. शेवटच्या सरळ ओळीवरून वरची सगळी थट्टा कोणत्या मनाने केलीय ते त्यांना कळतं. तिच्यामागे पुन्हा विनोद आला की ती ओळही थट्टाच वाटू लागते. त्याच कारणाने तिथे हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरेही लावू नकोस. सरळ ओळीत मोठे शब्दही नकोत. ‘तुम्ही आमचे आधारवड’ कुणीही लिहील. ‘वेळेवर पोचायला तुम्हाला बघून शिकले’ हे तूच लिहू शकतेस, कारण हॉल तिकीट तुझं होतं.

मेसेज मी याहून लांब केला नाही, त्याला कारण आहे. या वयाची बरीच माणसं फोनवरची अक्षरं मोठी करून ठेवतात. तुझ्या फोनवर जे एका पडद्यात मावतं ते त्यांच्याकडे दोन-तीन पडदे घेतं. त्यातून मेसेज फार लांबला तर तो अर्ध्यावर दुमडला जातो आणि पुढचं वाचायला दाबावं लागतं. तुझ्या बाबतीत दुमडलेला भाग म्हणजे नेमकी शेवटची सरळ ओळ. थट्टा वाचली गेली आणि प्रेम दुमडलेलंच राहिलं, असं व्हायला नको. म्हणून तू आणखी दोन खोडी सुचल्यात म्हणून घालणार असशील तर आधीच्या दोन काढ. पाठवण्याआधी आईच्या फोनवर पाठवून बघ, अक्षरं मोठी करून. आणि परिच्छेदांमधल्या रिकाम्या ओळी तशाच ठेव, त्यामुळे वाचताना नजर अडखळत नाही.

मी तुझ्या जागी असते तर हा मेसेज सरळ ग्रुपवर टाकला नसता. सकाळी आधी त्यांना एकट्याला पाठव. थट्टा पहिल्यांदा वाचताना माणसाला एकांत हवा, म्हणजे चेहऱ्यावर काय आणायचं हे ठरवावं लागत नाही. मग त्यांनाच विचार, ‘ग्रुपवर टाकू का?’ बहुतेक तेच टाकतील, आणि त्यांनी स्वतः टाकला की मेसेज त्यांचा झाला. आत्या-मामांनाही काय म्हणावं हा प्रश्न उरत नाही.

घरात वाचून दाखवायचा असेल तर थोडी तयारी कर. कानातलं मशीन बोलण्याबरोबर आजूबाजूचा गोंगाटही मोठा करतं. त्यामुळे टीव्ही बंद कर, आणि सगळे एकदम बोलत असताना वाचू नकोस. त्यांच्या समोर बस, तुझे ओठ त्यांना दिसू देत, मागून किंवा चालता चालता वाचू नकोस. ओरडायचं नाही, ओरडल्यावर शब्द फाटतात आणि आणखी कळेनासे होतात. नेहमीच्या आवाजात, जरा सावकाश. आपण वाक्य संपवताना आवाज खाली टाकतो, आणि गंमत नेमकी शेवटच्या शब्दात असते. ‘अंधारात पूर्ण केलं’ हे तिघांना ऐकू गेलं आणि आजोबांना नाही, तर ज्यांच्यासाठी लिहिलं तेच बाहेर राहतात. शेवटचा शब्द पहिल्या शब्दाइतकाच स्पष्ट म्हण. आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या हातातही दे. बेरीज त्यांना डोळ्यांनीच सापडणार आहे.

आवडलं की नाही ते कसं ओळखायचं? ते नुसते हसले यावरून ठरवू नकोस. त्यांनी त्यातलं काही स्वतःहून पुन्हा म्हटलं, कुणाला फोनवर वाचून दाखवलं, किंवा तुझ्याशी वाद घातला, तर पोचलं. ‘बरं बरं, छान’ म्हणून विषय बदलला तर कुठेतरी लागलंय. तेव्हा ‘अहो, मस्करी केली’ असं समजावत बसू नकोस, त्याने दुखावलेल्या माणसालाच विनोद कळत नाही असं ठरतं. जवळ जाऊन बस आणि सरळ सांग, ‘ती ओळ मी लिहायला नको होती.’ एवढं पुरतं. यातली एखादी ओळ लागेल अशी मला भीती वाटत नाही, पण तुमच्या घरातलं सगळं मला माहीत नाही. म्हणून एकदा घरातल्या अशा माणसाला दाखव जे त्यांच्याबरोबर रोज असतं. आईला दाखवलंस तर उत्तम. पहिल्या वेळी तिने तुला अडवलं ते योग्यच केलं होतं.

तिला दाखवताना बेरजेचं गुपित मात्र सांगून टाक, आणि मेसेज ग्रुपवर जाण्याआधी भावाला आणि आत्यालाही सांग. नाहीतर कुणीतरी उत्साहाने ‘अगं, तेरा होतात!’ असं लिहून मोकळं होईल. आणि आजोबांचा फोन आला की लगेच ‘हो, मुद्दाम केलं’ असं सांगून टाकू नकोस. म्हण, ‘असं कसं, मी दोनदा तपासलंय.’ मग ते तुला चार अधिक तीन अधिक सहा पहिल्यापासून करून दाखवतील. करू दे त्यांना.

– तुझी ताई